तिरक्या धावेचा जादा वेग

‘डूम’ हा गेम मुरलेला खेळाडू खेळत असताना पहिल्यांदा पाहणाऱ्याला काहीतरी चुकतंय असं वाटतं. समोर लांबलचक बोळ असतो, पण खेळाडूची नजर बोळाच्या टोकाकडे नसते. ती एका बाजूच्या भिंतीकडे वळलेली असते. तोंड भिंतीकडे आणि शरीर मात्र बोळाच्या मधोमध, सरळ रेषेत, भन्नाट वेगाने पुढे चाललेलं. वळण आलं की नजर झटकन फिरते, पुन्हा तिरकी होते आणि धाव तशीच सुरू राहते. हा काही लकबीचा भाग नाही. तिरकं पाहत तिरकं धावलं तर या गेममध्ये माणूस खरोखरच जास्त वेगाने जातो. किती जास्त, तर किमान २८ टक्के आणि थोडी खटपट केली तर ४१ टक्के.

‘डूम’ बाजारात आला १० डिसेंबर १९९३ रोजी. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या इड सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने तो तयार केला. चार वर्षांनी, डिसेंबर १९९७ मध्ये, कंपनीने या गेमचा मूळ कोड सर्वांसाठी खुला केला. त्यामुळे तिरक्या धावेला हा जादा वेग कुठून येतो, हे कुणालाही ओळ न् ओळ वाचून तपासता येतं. उत्तर दहावीच्या भूमितीत बसणारं आहे. महाराष्ट्र मंडळाच्या गणित भाग २ मध्ये दुसरंच प्रकरण पायथागोरसच्या प्रमेयाचं आहे, आणि या सगळ्या प्रकाराला तेवढं प्रमेय पुरतं.

आधी साधा गेम डोळ्यांसमोर आणू. वरून दिसणारं मैदान, त्यात एक माणूस आणि त्याला हलवायला चार बटणं. उजवं बटण दाबलं की आडव्या दिशेला १ हा आकडा नोंदवायचा, वरचं दाबलं की उभ्या दिशेला १. या दोन आकड्यांची जोडी म्हणजे दिशा दाखवणारा बाण, गणिताच्या भाषेत सदिश. त्या बाणाला वेगाने गुणलं की माणूस किती सरकला ते मिळतं. वेग सेकंदाला ५ मीटर धरू. नुसतं उजवं बटण दाबलं तर बाण (१, ०) आणि वेग ५. नुसतं वरचं दाबलं तर बाण (०, १) आणि वेग पुन्हा ५. दोन्ही एकदम दाबली तर बाण (१, १). माणूस एका सेकंदात ५ मीटर उजवीकडे सरकतो आणि त्याच सेकंदात ५ मीटर वरही सरकतो. प्रत्यक्षात तो या काटकोन त्रिकोणाच्या कर्णावरून जातो, आणि कर्णाची लांबी भरते ५० चं वर्गमूळ, म्हणजे ७.०७ मीटर. पाच मीटरच्या माणसाने सात मीटर कापले.

यात एकही हिशेब चुकीचा नाही. दोन्ही दिशांचे आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. तपासायची राहून गेली ती बाणाची एकूण लांबी. सरळ जाताना ती १ असते आणि तिरकं जाताना १.४१४ होते. ती परत १ वर आणणं, म्हणजे दोन्ही आकड्यांना त्या लांबीने भागणं, याला गेम बनवणारे बाण ‘नॉर्मलाइज करणं’ म्हणतात. (१, १) ला १.४१४ ने भागलं की (०.७०७, ०.७०७) उरतं. दिशा तीच, लांबी १, आणि माणूस तिरका जातानाही सेकंदाला पाचच मीटर जातो. ही भागाकाराची एक पायरी गाळली, की तिरक्या धावेला ४१ टक्के फुकटचा वेग मिळतो.

आता ‘डूम’कडे वळू. तिथे आकडे १ आणि १ असे सुबक नाहीत, म्हणूनच तो जास्त मजेदार आहे.

‘डूम’मध्ये पुढे धावण्याचा जोर ५० धरला आहे. तोंड समोर ठेवून बाजूला सरकण्याचा, खेळाडूंच्या बोलीत ‘स्ट्रेफ’ करण्याचा, जोर ४० आहे. म्हणजे बाजूला सरकणं पुढे धावण्यापेक्षा मंद असावं, असं बनवणाऱ्यांनी ठरवून केलं होतं. मग गेमचा प्रत्येक ठोका पडतो तेव्हा, म्हणजे सेकंदाला ३५ वेळा, कोड या दोन ओळी चालवतो:

```
P_Thrust (player, player->mo->angle, cmd->forwardmove*2048);
P_Thrust (player, player->mo->angle-ANG90, cmd->sidemove*2048);
```

पहिली ओळ खेळाडूला तो पाहतोय त्या दिशेने ढकलते. दुसरी ओळ त्या दिशेला ९० अंशांनी छेद देऊन, बाजूला ढकलते. दोन्ही धक्के एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. पहिल्या धक्क्याला दुसऱ्याची खबर नाही आणि दोघांची बेरीज किती झाली, हे पाहणारी तिसरी ओळच नाही. ५० आणि ४० या काटकोनातल्या दोन बाजू धरल्या तर कर्ण येतो ६४.०३. सरळ धावणाऱ्याला ५० चा जोर मिळतो आणि तिरक्या धावणाऱ्याला ६४ चा. हाच तो २८ टक्क्यांचा फायदा. खेळाडूंनी या प्रकाराला त्याच आकड्यावरून ‘एसआर ४०’ असं नाव दिलं. एसआर म्हणजे स्ट्रेफरन.

त्या दोन आकड्यांमुळे शरीर नजरेच्या रेषेपासून जवळपास ३९ अंश बाजूला जातं. म्हणून बोळातून सरळ जायचं असेल तर नजर बोळापासून ३९ अंश वळवून ठेवावी लागते. भिंतीकडे पाहत धावणाऱ्या त्या खेळाडूचं कोडं इथे सुटतं. वरून दिसणाऱ्या गेममध्ये पडद्याच्या कर्णावर जायचं असेल तेव्हाच फायदा मिळतो. डोळ्यांतून दिसणाऱ्या गेममध्ये मात्र खेळाडू स्वतःला फिरवून हवा तो रस्ता ‘तिरका’ करून घेऊ शकतो. त्यामुळे हाच दोष तिथे कोपऱ्यात पडून राहत नाही. प्रत्येक बोळ, प्रत्येक जिना आणि प्रत्येक अंगण त्याच्या टप्प्यात येतं.

४१ टक्क्यांची गोष्ट आणखी एका फटीतून निघाली. ‘डूम’मध्ये बाजूला सरकायचे दोन मार्ग होते. एक म्हणजे सरकण्याचं थेट बटण. दुसरा म्हणजे ‘स्ट्रेफ’ बटण दाबून ठेवायचं, मग एरवी वळवणारी बटणं वळवण्याऐवजी सरकवू लागतात. दोन्ही मार्ग एकदम वापरले तर कोड दोघांचे ४० अधिक ४० असे ८० जमा करतो. इथे मात्र बनवणाऱ्यांनी पहारा ठेवला होता. कोणताही आकडा ५० च्या वर गेला तर त्याला ५० वर आणून बसवायचं, असा नियम कोडमध्ये आहे. म्हणून ८० चे ५० होतात. पण ५० सुद्धा ४० पेक्षा जास्तच. आता पुढे ५०, बाजूला ५० आणि कर्ण ७०.७. हा झाला ‘एसआर ५०’. त्याची किंमतही आहे. ‘स्ट्रेफ’ बटण दाबलेलं असल्याने वळवणारी बटणं सरकवण्यात गुंतलेली असतात आणि धावताना वळता येत नाही. त्यामुळे तो सरळ लांब पट्ट्यांवरच चालतो. वळण आलं की परत ‘एसआर ४०’ वर यावं लागतं.

या पहाऱ्याकडे नीट पाहायला हवं, कारण सगळा दोष त्यातच साठलेला आहे. मर्यादा घालायचं कोडला सुचलं नव्हतं असं नाही. मर्यादा होती, पण ती पुढच्या आकड्याला वेगळी आणि बाजूच्या आकड्याला वेगळी. कागदावर आलेख काढला तर अशा मर्यादेचा आकार चौरस होतो. चौरसाच्या मध्यापासून बाजू जवळ असते आणि कोपरा लांब. सगळ्या दिशांना सारखा वेग हवा असेल तर मर्यादेचा आकार वर्तुळ हवा, आणि वर्तुळ मिळवायला दोन्ही आकडे एकत्र घेऊन कर्ण मोजावाच लागतो. वेगाला मर्यादा घातली आहे, आता काळजी नाही, असं मानणाऱ्या कितीतरी गेममध्ये तो चौरस तसाच राहिलेला असतो.

या जोराचं प्रत्यक्ष वेगात काय होतं, तेही मोजता येतं. ‘डूम’मध्ये जमिनीवर घर्षण आहे. दर ठोक्याला खेळाडूचा वेग ०.९०६२५ पट होतो आणि त्यात नवा धक्का मिळवला जातो. धक्का आणि घर्षण यांची बरोबरी झाली की वेग स्थिर होतो. ५० च्या जोराला ही बरोबरी गेममधल्या मापाने सेकंदाला सुमारे ५८३ एककांवर होते. ‘एसआर ४०’ ला ७४७ आणि ‘एसआर ५०’ ला ८२५ एकक मिळतात. १,००० एकक लांबीचा बोळ सरळ धावून १.७ सेकंदांत संपतो, तर ‘एसआर ५०’ ने १.२ सेकंदांत. अर्धा सेकंद ऐकायला किरकोळ वाटतो. पण पूर्ण वेगात खेळल्यावर अनेक पातळ्या मिनिटाच्या आतच संपतात, आणि तिथे असे बोळ एकामागून एक येतात.

‘डूम’मध्ये उडी मारायचं बटणच नाही. खड्डा ओलांडायचा असेल तर कडेवरून वेगाने सुटायचं आणि खाली पडता पडता पलीकडचा काठ गाठायचा. हवेत असताना गेम नवा धक्काही देत नाही आणि घर्षणही लावत नाही. कडेवरून सुटताना जो वेग असेल तोच पलीकडे नेतो. साहजिकच सरळ धावणारा जिथे खड्ड्यात पडतो तिथे तिरका धावणारा पलीकडे पोहोचतो. चावी शोधून, दार उघडून, लांबचा फेरा घेऊन जिथे जायचं होतं, तिथे थेट जाता येतं. दोष इथे फक्त घाई वाढवत नाही, तो नकाशाच बदलतो.

या कोडमधली सगळ्यांत बोलकी गोष्ट मात्र खेळाडूच्या भागात नाही, राक्षसांच्या भागात आहे. ‘डूम’मधले राक्षस आठच दिशांना चालतात, चार सरळ आणि चार तिरक्या. त्यांच्या चालीसाठी कोडमध्ये एक छोटा तक्ता आहे. सरळ दिशेला त्यात 65536 हा आकडा येतो, जो या गेमच्या अंकगणितात १ च्या बरोबरीचा आहे. तिरक्या दिशेला दोन्ही बाजूंसाठी 47000 लिहिलेलं आहे. 47000 ला 65536 ने भागलं की ०.७१७ येतं. नेमकं उत्तर ०.७०७ हवं होतं, म्हणजे सुमारे 46341. गोल आकडा घेतल्याने राक्षस तिरके चालताना जेमतेम दीड टक्का जलद होतात, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणजे तिरक्या चालीला सूट द्यायची नाही, हे याच गेममध्ये, याच कोडमध्ये लिहिलेलं होतं. राक्षसांना ते लागू झालं आणि खेळाडूला नाही.

त्या काळच्या संगणकांना वर्गमूळ काढणं जड जायचं, असं कारण यावर अनेकदा सांगितलं जातं. जड जायचं हे खरं, पण ‘डूम’च्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. त्याच कोडमध्ये दोन बिंदूंमधलं अंतर अंदाजे काढणारी `P_AproxDistance` ही छोटी युक्ती आहे. दोन्ही बाजूंची बेरीज करायची आणि लहान बाजूचा निम्मा भाग वजा करायचा. ५० आणि ४० ला ती ७० सांगते. खरं उत्तर ६४ आहे, तरी मर्यादा घालायला एवढा अंदाज पुरला असता. वर्गमूळ काढायची गरजच नव्हती.

मग दोष उघड झाल्यावर तो दुरुस्त का केला गेला नाही? कोड खुला झाल्यावर जगभरातल्या लोकांनी ‘डूम’च्या शेकडो सुधारित आवृत्त्या काढल्या. पण मूळ खेळाशी प्रामाणिक राहणाऱ्या आवृत्त्यांनी तिरक्या धावेला हात लावला नाही. यामागे भावनेइतकंच एक तांत्रिक कारणही आहे. ‘डूम’मध्ये खेळलेला डाव नोंदवून ठेवता येतो, आणि त्या नोंदीत चित्रं नसतात. दर ठोक्याला खेळाडूने पुढचा जोर किती लावला, बाजूचा किती, किती वळला आणि कोणती बटणं दाबली, एवढेच चार बाइट लिहिलेले असतात. डाव परत पाहताना गेम तीच बटणं पुन्हा दाबल्यासारखा सगळा खेळ नव्याने खेळतो. अशा नोंदीतल्या धावेचा वेग बदलला तर पाचव्या सेकंदाला खेळाडू दाराऐवजी भिंतीवर आदळेल आणि पुढचा सगळा डाव भरकटेल. १९९४ पासून साठलेले विक्रमी डाव एका ओळीच्या दुरुस्तीने निकामी होतील. तेव्हा ‘डूम’पुरतं बोलायचं तर हा दोष आता खेळाचा नियमच आहे, आणि तो तसाच ठेवणं योग्य आहे.

हा प्रकार एकट्या ‘डूम’चा नाही. १९९७ साली निन्टेंडो ६४ या यंत्रावर आलेला ब्रिटनच्या रेअर कंपनीचा ‘गोल्डनआय ००७’ घ्या. तिथेही पुढे जाणं आणि बाजूला सरकणं एकत्र केलं की वेग वाढतो. त्यामुळे त्या गेमचे विक्रमवीर जेम्स बाँडला अख्खी मोहीम तिरका पळवत नेतात, आणि बरेचदा त्याची नजर जमिनीकडे लावून ठेवतात. जमिनीकडे पाहिल्याने यंत्राला कमी गोष्टी रंगवाव्या लागतात आणि चित्र अडखळत नाही, हा त्यातला वेगळा फायदा.

इड सॉफ्टवेअरने मात्र पुढे हिशेब बदलला. १९९६ च्या ‘क्वेक’मध्ये पुढचा आणि बाजूचा बाण आधी एकत्र केला जातो, मग त्या बेरजेची लांबी मोजली जाते आणि ती ३२० च्या वर असेल तर पूर्ण बाण त्या प्रमाणात आखूड केला जातो. चौरसाच्या जागी वर्तुळ आलं. जमिनीवर तिरकं धावून फायदा मिळवायचा मार्ग बंद झाला. ‘क्वेक’चे खेळाडू उड्या मारत, वळत वेग वाढवतात हे खरं, पण तो दोष निराळा आहे. हवेत असताना नवा धक्का किती द्यायचा, हे तिथे ठरवताना खेळाडूचा पूर्ण वेग न पाहता धक्क्याच्या दिशेतला वेगाचा तेवढाच अंश पाहिला जातो. दोन्हींना एकच समजून ‘नॉर्मलाइज करा म्हणजे झालं’ असं सांगणारे लोक भेटतात. त्या दुसऱ्या दोषावर या औषधाचा उपयोग नाही.

आज गेम बनवायला बसलेल्या विद्यार्थ्यापुढे हाच प्रश्न पहिल्या आठवड्यात येतो, कारण माणूस हलवणं ही पहिलीच पायरी असते. ‘गोडो’ या मोफत गेम इंजिनच्या अधिकृत पहिल्या धड्यातही ही दुरुस्ती समजावून दिलेली आहे. चूक आणि दुरुस्ती शेजारी ठेवली तर फरक एका ओळीचा दिसतो:

```
var dir = Vector2.ZERO
if Input.is_action_pressed("right"): dir.x += 1
if Input.is_action_pressed("up"): dir.y -= 1
dir = dir.limit_length(1.0)
velocity = dir * speed
```

चौथी ओळ काढून टाकली की तिरकी धाव ४१ टक्के जलद. `limit_length(1.0)` ही ओळ सांगते की बाणाची लांबी १ पेक्षा जास्त असेल तर १ करा, कमी असेल तर हात लावू नका.

अनेक जण इथे `normalized()` वापरतात. बटणांसाठी ते चालतं, कारण बटण एक तर पूर्ण दाबलेलं असतं किंवा नसतं. पण हाताच्या रिमोटवरच्या, अंगठ्याने फिरवायच्या काडीला ते घातक ठरतं. काडी थोडीशी कलवली तर बाण (०.३, ०) असा आखूड येतो आणि माणसाने हळू चालावं अशी अपेक्षा असते. `normalized()` हा आखूड बाणही ताणून १ करतं. मग हळू चालणं गायब होतं आणि काडीला बोट लागताच माणूस पूर्ण वेगाने सुटतो. तिरक्या वेगाचा दोष गेला, पण काडीचा जीवच गेला. मर्यादा वरून घालायची असते, खालून ताण द्यायचा नसतो. ‘युनिटी’ या दुसऱ्या लोकप्रिय इंजिनमध्ये याच कामासाठी `Vector3.ClampMagnitude` आहे. आणखी एक खड्डा शून्याचा. एकही बटण दाबलेलं नसेल तर बाणाची लांबी ० असते आणि ० ने भागता येत नाही. या दोन्ही इंजिनांनी ते आतल्या आत सांभाळलं आहे. पण स्वतः भागाकार लिहिणाऱ्याने आधी लांबी तपासली नाही, तर माणूस पडद्यावरून नाहीसा होतो, कारण त्याची जागा दाखवणारा आकडाच आकडा राहत नाही.

दुरुस्ती कुठे करायची, हेही तितकंच महत्त्वाचं. ती फक्त बटणांतून आलेल्या बाणावर करायची. काही जण गुरुत्वाकर्षण, उडी, धक्का हे सगळं मिळवून झाल्यावर शेवटच्या वेगाला मर्यादा घालतात. मग धावता धावता मारलेली उडी उभ्याने मारलेल्या उडीपेक्षा ठेंगणी होते, आणि उंचावरून पडणारा माणूस पिसासारखा संथ उतरतो. डोळ्यांतून दिसणाऱ्या गेममध्ये आणखी एक बारीक गोष्ट आहे. कॅमेऱ्याची पुढची दिशा जशीच्या तशी घेतली तर खाली पाहणाऱ्या खेळाडूचा बाणही जमिनीत घुसतो आणि पुढे जाण्याचा वेग घटतो. ती दिशा आधी जमिनीच्या पातळीवर सपाट करून घ्यायची, तिची लांबी १ करायची आणि मगच तिला बटणांच्या बाणाने गुणायचं.

जुन्या पद्धतीच्या, ठिपक्या-ठिपक्यांच्या चित्रांच्या गेममध्ये दुरुस्तीचीही किंमत मोजावी लागते. ०.७०७ च्या वेगाने सरकणारा माणूस कधी आडवा एक ठिपका सरकतो, कधी उभा, आणि दोन्ही एकाच वेळी पुढच्या ठिपक्यावर पोहोचले नाहीत तर त्याची चाल थरथरते. १९९१ च्या ‘झेल्डा: अ लिंक टू द पास्ट’मध्ये निन्टेंडोने यावर सुटसुटीत तोडगा काढला. ठिपक्याचे सोळा भाग धरून नायकाचा सरळ वेग दर चौकटीला २४ आणि तिरका वेग दोन्ही बाजूंना १६–१६ ठेवला. सोळा भाग म्हणजे बरोबर एक ठिपका, त्यामुळे तिरकी चाल गुळगुळीत राहते. कर्ण काढला तर २२.६ येतो, सरळ वेगापेक्षा जरासा कमीच. वर्गमूळ नाही, भागाकार नाही, फक्त दोन नीट निवडलेले आकडे.

दोष आहे की नाही, हे ओळखायला डोळा पुरत नाही. खेळताना तिरकी धाव ‘चपळ’ वाटते आणि ती सवयीची होऊन जाते. खूण सापडते ती पाठलागात. खेळाडूचा वेग ५ आणि शत्रूचा ६ ठेवला, तर शत्रूने प्रत्येक वेळी खेळाडूला गाठायला हवं. शत्रू सहसा खेळाडूच्या दिशेचा बाण नॉर्मलाइज करूनच धावतो, म्हणून त्याचा वेग सगळीकडे ६ च राहतो. खेळाडू सरळ पळाला तर सापडतो आणि तिरका पळाला तर ७.०७ च्या वेगाने निसटतो. चाचणी खेळणारा ‘कधी कधी शत्रू मागे पडतो’ अशी तक्रार करतो आणि बनवणारा शत्रूचा वेग वाढवून ८ करतो. आता सरळ पळणाऱ्या खेळाडूला जगणंच कठीण होतं. मूळ दोष जागेवर राहिला आणि त्याच्यावर दुसरा चढला. खड्ड्यांच्या रुंदीचं, वेळेच्या बंधनांचं, बाणांच्या माऱ्याचंही असंच होतं. तिरक्या वेगाने पार होणारा खड्डा पाहून तो रुंद केला जातो आणि मग तो सरळ धावून ओलांडता येत नाही. म्हणूनच ही दुरुस्ती गेम संपत आल्यावर केली तर सगळ्या पातळ्या नव्याने मोजाव्या लागतात.

तेव्हा गेम बनवणाऱ्याने पहिली पातळी आखायच्या आधीच एक चाचणी करावी. वेगाची लांबी, म्हणजे `velocity.length()`, पडद्याच्या कोपऱ्यात आकड्यात दाखवावी. आधी एक बटण दाबून धावावं, मग दोन. ५ च्या जागी ७.०७ दिसलं तर त्याच दिवशी ती एक ओळ घालावी.